सुरुंग उडून वीस मिनिटं झाली होती, तरी दरड आली कशी?

प्रश्न: मी एका लहान दगडखाणीवर मुकादम आहे, खाणीला जोडूनच खडीक्रशर आहे. परवा दुपारी सुरुंग लावले तेव्हा नियमाप्रमाणे तीनशे मीटरच्या आतली सगळी माणसं बाहेर काढली होती. ब्लास्टरने पाहून ‘ओके’ दिलं, भोंगा झाला, माणसं आत आली आणि वीसेक मिनिटांनी बाजूच्या भिंतीवरून दरड आली. दोघं थोडक्यात वाचले. जिथून दगड आला तिथे सुरुंग नव्हताच. मालक म्हणतात, रजिस्टरला ‘नैसर्गिक दरड’ लिहा. सगळं नियमानं करूनही हे का झालं, आणि मी नेमकं काय लिहू?

उत्तर:

आधी रजिस्टरचं सांगतो, कारण ते उद्यावर ढकलता येत नाही. ‘नैसर्गिक’ लिहू नका आणि ‘सुरुंगामुळे’ असंही लिहू नका. कारण ठरवणं हे आजचं काम नाही. आज फक्त वेळा, अंतरं आणि कोण कुठे उभं होतं ते लिहा. ते नीट लिहिलं की कारण बहुतेक वेळा आपोआप समोर येतं. ते कसं, हे माझ्यासमोर घडलेल्या एका प्रसंगावरून सांगतो, तुमच्या हकिकतीशी तो बराच जुळतो.

त्याआधी एक गोष्ट मनात पक्की करा. तीनशे मीटरचं वर्तुळ हे उडणाऱ्या दगडासाठी आहे. 1961 च्या धातू खाण नियमावलीत सुरुंगाच्या जागेपासून 300 मीटर हा धोक्याचा पट्टा धरला आहे, आणि मोठ्या व्यासाच्या खोल होलना 500 मीटर धरतात. हे अंतर सुरुंग पेटण्याच्या क्षणाचं आहे. दगड उडाले, खाली पडले, धूर गेला, न उडालेलं होल राहिलेलं नाही हे पाहिलं, की त्या वर्तुळाचं काम संपतं. दरडीचा धोका मात्र त्याच क्षणी सुरू होतो. त्याची जागा वेगळी, म्हणजे भिंतीच्या पायथ्याचा पट्टा, आणि त्याची वेळही वेगळी. तुमच्याकडे पहिल्या धोक्याचा बंदोबस्त चोख होता. दुसऱ्याचा कुणी केलाच नव्हता, कारण एकच भोंगा दोन्हींसाठी वाजला.

आता तो प्रसंग. एप्रिलचा महिना, काळ्या पाषाणाची लहान खाण, दोनेक एकराची. पश्चिमेच्या भिंतीवर काम चालू होतं, तिथला टप्पा चार मीटरचा. उत्तरेची भिंत जुनी, अकरा मीटर उभी. एके काळी तिथे दोन टप्पे होते, पण मधली पायरी खाता खाता संपली आणि दोन्ही टप्पे मिळून एकच भिंत झाली होती. लहान खाणीत हे फार दिसतं. पायरीतला माल सहज निघतो म्हणून तो आधी जातो.

या उत्तर भिंतीत तळापासून अडीच मीटरवर तांबड्या मातीचा पट्टा होता. सह्याद्रीच्या आसपास काम करणाऱ्याला हा पट्टा ओळखीचा असतो. लाव्हाच्या दोन थरांमध्ये सापडलेली, भाजून लाल झालेली जुनी माती आहे ती. कोरडी असताना घट्ट वाटते, पाणी लागलं की फुगते, मग सुकून भुगा होते. वरचा काळा दगड कितीही टणक असला तरी तो त्या भुग्यावर उभा असतो. त्या खाणीत पोकलेनवाल्याने रस्त्याला मुरुम हवा म्हणून याच पट्ट्यात बकेट घालून कोरलं होतं, जागोजागी दोन हात आत. कडेखाली पोखरून वरचा दगड लोंबता ठेवायचा नाही, हे नियमावलीत स्पष्ट आहे. पण मुरुम काढताना आपण भिंत पोखरतो आहोत असं त्या पोराच्या मनातही आलं नव्हतं.

त्या दिवशी पश्चिमेला 22 होल भरले होते, जॅकहॅमरची, 32 मिलिमीटर व्यासाची, तीन मीटर खोल. शेवटच्या ओळीतलं टोकाचं होल उत्तर भिंतीच्या कोपऱ्यापासून जेमतेम दोन मीटरवर होतं. 1:05 ला शेवटचा इशारा झाला आणि 1:08 ला सुरुंग उडाला. माणसं रस्त्यापलीकडे 310 मीटरवर, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लाल झेंडा घेऊन एकेक माणूस. 1:14 ला ब्लास्टर आत गेला. सगळी होल उडाली का, नळी किंवा काडतूस शिल्लक आहे का, हे त्याने पाहिलं आणि 1:19 ला बाहेर आला. 1:20 ला लांब भोंगा झाला. ब्लास्टर ठेकेदाराचा, त्याला दुसरी खाण गाठायची होती, तो गाडी घेऊन निघाला. 1:37 ला उत्तर भिंतीवरून, जमिनीपासून आठ मीटर उंचीवरून, तीन मोठे दगड आणि त्यांच्यामागे माती-खडी आली.

सुरुंगापासून 29 मिनिटं झाली होती आणि भोंग्यापासून 17.

हेल्पर त्या भिंतीच्या पायथ्यापासून तीन मीटरवर कंप्रेसरचा हवेचा पाईप गुंडाळत होता. पोकलेनवाला 16 मीटरवर मशीनच्या पायरीवर उभा होता. ड्रिलर दोघं अजून झाडाखाली डबा खात होते. हेल्परच्या पायाचं हाड मोडलं. आठ मीटरवरून सुटलेला दगड जमिनीला सव्वा सेकंदात पोचतो, तेव्हा त्याचा वेग ताशी 45 किलोमीटरच्या आसपास असतो. आवाज ऐकून वर बघेपर्यंतच तेवढा वेळ जातो. म्हणून ‘लक्ष ठेवून काम कर’ असं पायथ्याशी पाठवलेल्या माणसाला सांगण्यात काही अर्थ नाही.

आम्ही टेप घेऊन बसलो आणि कोपऱ्यावरच्या रंगाच्या खुणेपासून सगळं मोजलं. सगळ्यात मोठा दगड 1.2 मीटर लांब, 0.8 रुंद, 0.6 जाड, म्हणजे साधारण दीड टनाच्या वर. सगळ्यात लांब गेलेला दगड पायथ्यापासून नऊ मीटरवर. उभ्या भिंतीवरून दगड खरं तर पायथ्याजवळच पडायला हवा. तो नऊ मीटर गेला, कारण पायथ्याला आधीचा डबर उताराने पडलेला होता आणि दगड त्यावर आपटून बाहेर उसळला. माल पायथ्याशी पडून असला की तो दगडाला अडवतो असं पुष्कळांना वाटतं. उताराचा ढीग उलट त्याला घसरगुंडी देतो.

मग पडलेल्या दगडांच्या बाजू पाहिल्या. हे तुम्ही आजच करा, दगड क्रशरला जाण्याआधी. सुरुंगाने नव्याने फुटलेली बाजू काळी-करडी, स्वच्छ, धारदार असते. जुन्या सांध्याची बाजू सपाट असते, तिच्यावर गंजासारखे तांबूस डाग, हिरवट-पांढरा लेप, कधी मातीचा थर किंवा मुळाचे केस असतात. आमच्या मोठ्या दगडाच्या तीन बाजू डागाळलेल्या होत्या आणि फक्त एका कडेला हाताएवढा ताजा काळा तुकडा होता. म्हणजे तो दगड कित्येक वर्षांपासून तीन बाजूंनी मोकळाच होता. एका चिमटीवर अडकला होता, ती चिमूट त्या दिवशी तुटली.

वर जाऊन पाहिलं तर कडेपासून दोन फूट आत एक चीर होती. कोपऱ्याकडच्या बाजूला ती स्वच्छ आणि नवी, पुढे गेल्यावर तीच चीर जुनी, धुळीने भरलेली. टोकाच्या होलातला वायू मागच्या सांध्यात शिरला होता आणि जुनी चीर त्याने उघडली होती. याला आम्ही मागची फूट म्हणतो. होलांच्या शेवटच्या ओळीला पुढे जास्त दगड ठेवला, किंवा ओळी सुटण्याचा क्रम चुकला, की सुरुंगाचा जोर पुढे न जाता मागे आणि बाजूला जातो. सुरुंगाने तो दगड पाडला नाही. त्याचा आधार काढून घेतला, आणि मग वजन, तांबड्या मातीचा भुगा आणि उन्हाने तापलेली भिंत यांनी उरलेलं काम पुढच्या अर्ध्या तासात केलं.

तुम्ही म्हणता तिथे सुरुंग नव्हताच. आमच्याकडेही उत्तर भिंतीत एकही होल नव्हतं. मला वाटतं तुमच्याकडेही टोकाचं होल त्या भिंतीपासून किती लांब होतं ते आधी मोजायला हवं. ब्लास्टरला दोष देण्यासाठी मी हे म्हणत नाही. त्याची नजर होलांवर असते, ते त्याचं काम आहे, आणि ते त्याने केलं. बाजूच्या भिंतीकडे वर मान करून पाहणं हे त्या वेळी कुणाच्याच नावावर नव्हतं. मला यात सगळ्यात जास्त खटकतं ते हेच.

आता नोंद. घड्याळ एकच धरा, कुणाच्या तरी एका मोबाईलचं, आणि सगळ्यांच्या वेळा त्याच्याशी जुळवून घ्या. शेवटचं होल भरून झालं कधी, इशारे कधी, सुरुंग कधी, ब्लास्टर आत कधी गेला आणि बाहेर कधी आला, शेवटचा भोंगा कधी, पहिला माणूस भिंतीजवळ कधी पोचला, दरड कधी आली. यातली जी वेळ आठवत नसेल तिथे ‘अंदाजे’ असा शब्द लिहा, गोल आकडा भरून टाकू नका. क्रशरच्या मीटरवर किंवा वजनकाट्याच्या पावत्यांवर पुष्कळदा वेळ छापलेली असते, तिच्यावरून ताळा करता येतो.

माणसांच्या जागा लिहिताना ‘फेसजवळ’ असं मोघम लिहू नका. न हलणारी एक खूण निवडा, तिथून पायथ्याच्या रेषेने किती मीटर आणि पायथ्यापासून बाहेर किती मीटर, असे दोन आकडे प्रत्येकासाठी घ्या. माणसाला त्याच जागी नेऊन उभं करा, टेप लावा. आणि प्रत्येकाच्या दोन जागा लिहा: सुरुंग उडाला तेव्हाची आणि दरड आली तेव्हाची. दुसरी जागा लोक विसरतात, आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिच्यातच आहे. तो माणूस तिथे कशासाठी गेला होता हेही एका ओळीत लिहा. आमच्या हेल्परला कुणी पाठवलं नव्हतं. पाईप उन्हात तापून खराब होतो म्हणून तो स्वतःहून गेला होता. चांगला कामगार होता तो. पाईप ठेवायची जागाच भिंतीखाली होती, हा दोष नोंदीतून कळला आणि दुसऱ्याच दिवशी कंप्रेसर हलवला.

एका कागदावर खाणीचा हाताने नकाशा काढा: सुरुंगाची होल, टोकाचं होल, दगड सुटल्याची जागा आणि तिची उंची, सगळ्यात लांबचा दगड, माणसं. माल उचलण्याआधी फोटो घ्या. कुणाचं हाड मोडलं असतं तर तुम्हाला ही मुभाही नसती. कायद्यात ती गंभीर इजा आहे, खाण सुरक्षा महासंचालनालयाला ताबडतोब कळवावं लागतं आणि पुढचा अपघात टाळणं किंवा माणसाला सोडवणं यापलीकडे जागेला हात लावता येत नाही.

इथे एक गैरसमज दूर करतो, कारण लहान खाणवाले तो हमखास बोलून दाखवतात: ‘आमची खाण लहान, आम्हाला हे लागू नाही.’ दगड-मुरुमाच्या लहान खाणींना कायद्यात सूट आहे हे खरं. पण ती सूट खोली सहा मीटरच्या आत, माणसं पन्नासच्या आत आणि स्फोटकांचा वापर नाही, या तिन्ही अटी पाळल्या तरच. एक सुरुंग लावला की ती सूट गेली. मालकांना हे शांतपणे दाखवा. ‘नैसर्गिक’ लिहून ठेवलेली नोंद पुढे त्यांच्याच विरुद्ध जाईल, कारण सुरुंगाची वेळ स्फोटकांच्या हिशेबात वेगळी लिहिलेली असतेच.

आता पुढच्या सुरुंगापासून काय बदलायचं. मी दोन इशारे वेगळे करायला लावतो. पहिला इशारा ब्लास्टरच्या तपासणीनंतर: रस्ता मोकळा, गावकरी जाऊ देत, माणसं क्रशरपर्यंत येऊ देत. खाणीच्या तळात कुणी उतरायचं नाही. दुसरा इशारा तुम्ही द्यायचा, भिंती पाहून आणि सुटे दगड पाडून झाल्यावर. या दोन इशाऱ्यांच्या मध्ये किती वेळ जावा असं मला विचारतात, पण मिनिटं सांगून उपयोग नाही. आमच्याकडे 29 मिनिटांनी दगड आला, पावसाळ्यात मी दुसऱ्या दिवशी सकाळी आलेला पाहिला आहे. नुसतं थांबून भिंत सुरक्षित होत नाही, सुटा दगड पाडल्यावरच होते.

पाहायला जाताना आधी समोरच्या कडेवर उभे राहा, भिंतीखाली नाही. दहा मिनिटं बघत राहा. भिंतीवरून बारीक खडे टपटपत असतील, एका जागेवरून धुळीची धार सुटत असेल, तर तिथे अजून हालचाल आहे, जवळ जाऊ नका. धार थांबली की वरून जा, कंबरेला पट्टा आणि मागे पक्का बांधलेला दोर. कडेमागच्या चिरांवर आदल्या दिवशी चुन्याची आडवी रेघ मारून ठेवलेली असेल तर चीर उघडली की नाही ते एका नजरेत कळतं. रेघ तुटली असेल तर तुटलेल्या टोकांमधलं अंतर मोजून वहीत लिहा. कडेपासून तीन मीटरच्या आत सुटा दगड, माती, झाड ठेवायचं नाही हा नियम आहे, तेही त्याच फेरीत बघून घ्या.

सुटे दगड वरून खाली पाडत यायचं, पहारीने. पहार दगडावर मारली की पक्का दगड खणखणीत वाजतो आणि हाताला झटका देतो. सुटलेला दगड भदभद वाजतो, मातीच्या रिकाम्या माठासारखा, आणि दुसरा हात त्यावर टेकवला तर थरथर कळते. जुनी माणसं हे न चुकता ओळखतात. तुमच्याकडे असा कुणी असेल तर हे काम त्याच्याकडे द्या आणि एका तरण्या पोराला त्याच्यासोबत शिकायला ठेवा. पाडताना खाली कुणीही नको, म्हणजे पाईप उचलायलाही नको. पोकलेनने पाडत असाल तर मशीन भिंतीला समांतर उभी करू नका. चेन भिंतीकडे तोंड करून ठेवली तर दगड सुटताच सरळ मागे येता येतं. आणि बकेट जेवढ्या उंचीपर्यंत पोचते त्याच्या वरचं मशीनने पाडू नका, वरचा दगड केबिनवर येतो.

पायथ्याच्या पट्ट्याचं अंतर मी असं धरतो: भिंतीच्या उंचीइतकं, आणि पायथ्याला मालाचा उतार असेल तर दीडपट. हा कायद्याचा आकडा नाही, माझा अनुभवाचा आहे. आमच्या खाणीत तो अकरा मीटरच्या भिंतीला साडेसोळा झाला असता, आणि सगळ्यात लांबचा दगड नऊवर थांबला होता. तिथे चुन्याची रेघ ओढा किंवा दगडांची हातभर उंच ओळ लावा. पाईप, डिझेलचे कॅन, पाण्याचा माठ, डबे, सगळं त्या रेषेच्या बाहेर. माणूस ज्या वस्तूसाठी आत जातो ती वस्तूच आत ठेवायची नाही.

ब्लास्टरशीही बोलून घ्या. जुन्या भिंतीच्या कोपऱ्याकडचं टोकाचं होल तीन-चार मीटर अलीकडे घ्या, त्यात स्फोटक कमी भरा आणि बाजूची होल सुटल्यावरच ते सुटेल असा क्रम ठेवा. 2025 पासून साध्या इलेक्ट्रिक डिटोनेटरवर बंदी आली आहे, त्यामुळे तो आता नळीचे किंवा इलेक्ट्रॉनिक डिटोनेटर वापरत असणार. त्यात होलांमधला विलंब नीट ठरवता येतो, तर त्याचा उपयोग करून घ्या. दुपारी एकची वेळ बदलायची गरज नाही, जेवणाची सुट्टी आणि सुरुंग एकत्र आले की माणसं बाहेर काढणं सोपं जातं. फक्त जेवण झाल्याबरोबर लोक आत शिरतात. म्हणून भिंत पाहण्याचं काम सुट्टीतच सुरू झालं पाहिजे, आणि तुम्ही त्या दिवशी जेवण थोडं उशिरा घ्यायचं.

या सगळ्याला एक मर्यादा आहे. अकरा-बारा मीटरची एकसंध उभी भिंत पहारीने सुरक्षित होत नाही, फक्त आजचा दिवस निघतो. तिथे मधली पायरी परत काढावी लागते, वरून खाली, आणि त्यात महिना-दीड महिना माल कमी निघतो. आमच्या त्या मालकाने सुरुवातीला नकार दिला. मग आम्ही नकाशावर हेल्परची तीन मीटरची जागा आणि पोकलेनची सोळा मीटरची जागा दाखवली. दगड थोडा मोठा असता आणि उतार थोडा लांब असता तर मशीनही गेली असती, हे त्यांना तेव्हा पटलं. पायरी काढून झाली तोवर उत्तर भिंतीखालचं काम बंदच होतं.

तुमची भिंत किती उंच आहे, तिच्यात तांबडा पट्टा आहे का आणि टोकाचं होल तिच्यापासून किती मीटरवर होतं, एवढं मोजून कळवा. दगडांच्या बाजूंचे फोटो असतील तर तेही पाठवा. ती मापं येईपर्यंत त्या भिंतीच्या पायथ्याला कुणालाही जाऊ देऊ नका.